मुलीच्या शिक्षणासाठी सुकन्या, पीपीएफ की एनएससी? आधी तारीख बघा, मग व्याजदर

पोस्टाच्या फलकावर योजनांची यादी असते आणि प्रत्येकीसमोर एक टक्केवारी. बहुतेक जण सगळ्यात मोठा आकडा निवडतात आणि फॉर्म भरतात. मुलगी बारावी झाली की कळतं, पैसे आहेत पण अर्धेच काढता येतात, किंवा खातं वर्षभरानं पिकणार आहे. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. पैसे कधी लागणार हे आधी ठरवायचं, मग मुदत जुळवायची, त्यानंतर कर आणि शेवटी दर. उद्दिष्ट एकच घेतलं आहे, मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण. योजना तीन: सुकन्या समृद्धी, पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, आणि एनएससी म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र. किसान विकास पत्राला करसवलत नाही, मासिक उत्पन्न योजना दरमहा व्याज हातात देते आणि ते खर्चून जातं, त्यामुळे या दोन्ही बाजूला ठेवल्या आहेत.

पायरी १: कागदावर दोन तारखा लिहा

पहिली तारीख कॉलेजच्या प्रवेशाची. दुसरी, मुलीला दहा वर्षं पूर्ण होण्याची. सुकन्या खातं दहाव्या वाढदिवसापर्यंतच उघडता येतं, म्हणून ही दुसरी तारीख हवी.

पुढचा सगळा हिशोब एकाच उदाहरणावर करू. मुलीचा जन्म जून २०२३ चा. बारावीनंतर ती जून २०४१ मध्ये प्रवेश घेईल, तेव्हा अठरा वर्षांची असेल. घरातून वर्षाला ६०,००० रुपये बाजूला पडू शकतात. खातं मार्च २०२६ मध्ये उघडायचं आहे. तुमच्या मुलीच्या तारखा वेगळ्या असतील, पण रीत हीच.

पायरी २: मुदत नेमकी कुठून मोजतात ते समजून घ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

सुकन्या खात्याची मुदत २१ वर्षं आहे, पण ती खातं उघडल्याच्या तारखेपासून. मुलगी २१ वर्षांची झाली की पैसे मिळतात असं अनेकांना वाटतं, ते चूक आहे. मुलगी नऊ वर्षांची असताना खातं उघडलं तर ते ती तीस वर्षांची झाल्यावर पिकतं. आपल्या उदाहरणात मार्च २०२६ चं खातं मार्च २०४७ ला पिकेल, तेव्हा मुलगी चोविशीला टेकलेली असेल. पैसे फक्त पहिली १५ वर्षं भरायचे असतात, पुढची सहा वर्षं नुसतं व्याज जमत राहतं.

मधे पैसे काढायची सोय आहे. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, यापैकी जे आधी होईल त्यानंतर शिक्षणासाठी रक्कम काढता येते. पण ती आदल्या ३१ मार्चच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच. शिवाय प्रवेशपत्र किंवा फीची पावती दाखवावी लागते, आणि त्या कागदावर जेवढी फी आणि प्रवेशाचे इतर आकार असतील तेवढीच रक्कम मिळते. ती एकदम घेता येते, किंवा वर्षातून एकदा याप्रमाणे जास्तीत जास्त पाच वर्षं हप्त्यांनी. कॉलेजच्या कागदावर नसलेला खर्च, म्हणजे बाहेरच्या खोलीचं भाडं, लॅपटॉप, प्रवास, यातून भागेल असं धरून चालू नका.

पीपीएफची मुदत १५ वर्षं म्हणतात, पण ती मोजतात खातं ज्या आर्थिक वर्षात उघडलं त्या वर्षाच्या शेवटापासून. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उघडलेलं खातं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उघडलेलं खातं यांच्यात दिवस सात-आठच असतात, पण पिकण्यात अख्ख्या वर्षाचा फरक पडतो.

आपल्या उदाहरणात हा फरक किती महागात पडतो ते पाहा. मार्च २०२६ मध्ये ५०० रुपये भरून खातं उघडलं तर ते १ एप्रिल २०४१ ला पिकतं, प्रवेशाच्या दोन महिने आधी. तेच खातं एप्रिल २०२६ मध्ये उघडलं तर १ एप्रिल २०४२. मग जून २०४१ मध्ये फक्त अंशतः रक्कम काढता येते. तिची मर्यादा अशी: काढण्याच्या वर्षाआधीच्या चौथ्या वर्षअखेरची शिल्लक आणि लगेच आदल्या वर्षअखेरची शिल्लक, यातली जी कमी असेल तिच्या निम्मी. दरवर्षी ६०,००० भरले असतील आणि व्याज ७.१ टक्केच राहिलं तर ही रक्कम साधारण ५ लाख ७८ हजार येते. मार्चच्या खात्यात त्याच वेळी जवळपास १६ लाख २७ हजार मोकळे असतात.

मार्चची संधी हुकली असेल तर नवं खातं उघडण्याआधी घरातली जुनी पासबुकं काढा. आई किंवा वडिलांचं आधीचं पीपीएफ खातं त्याच सुमाराला पिकत असेल, तर तेच या कामासाठी वापरावं. एका व्यक्तीला एकच पीपीएफ खातं ठेवता येतं. बँकेत एक आणि पोस्टात एक अशी दोन असतील तर दुसरं नियमबाह्य ठरतं आणि त्याच्या व्याजावरून पुढे कटकट होते.

एनएससीचा हिशोब सरळ आहे. खरेदीच्या तारखेपासून पाच वर्षं. मधे मोडता येत नाही. खातेदाराचा मृत्यू, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्याच कारणांसाठी अपवाद आहे.

पायरी ३: आता दर बघा, पण दोन प्रकारचे दर वेगळे ओळखा

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीत सुकन्याला ८.२ टक्के, पीपीएफला ७.१ टक्के आणि एनएससीला ७.७ टक्के दर होता. अर्थ मंत्रालय दर तिमाहीला हे दर जाहीर करतं, तेव्हा खातं उघडण्याआधी ताजा आकडा बघून घ्या.

एनएससीचा दर खरेदीच्या दिवशी पक्का होतो. ७.७ टक्क्यांनी घेतलेल्या १ लाखाचे पाच वर्षांनी १,४४,९०३ रुपये होतात, मधे दर कितीही घसरले तरी. सुकन्या आणि पीपीएफचा दर मात्र बदलता आहे आणि नवा दर तुमच्या जुन्या शिलकीलाही लागू होतो. सुकन्या २०१५ मध्ये ९.१ टक्क्यांनी सुरू झाली, एप्रिल २०२० मध्ये ७.६ वर आली, आणि जानेवारी २०२४ पासून ८.२ आहे. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वरच थांबलं आहे. म्हणून पंधरा वर्षांचा कोणताही आकडा हा आजचा दर तसाच राहील असं धरून केलेला अंदाज असतो. एजंटानं छापील तक्ता दाखवला तरी त्यातली शेवटची रक्कम ही हमी नव्हे. हमी मुद्दलाची आणि त्या त्या वेळच्या जाहीर दराची असते.

पायरी ४: तुमची करप्रणाली कोणती ते तपासा

करात दोन प्रश्न असतात आणि लोक ते एकत्र करून टाकतात. पैसे भरताना सूट मिळते का, हा एक. व्याजावर कर लागतो का, हा दुसरा.

पैसे भरताना मिळणारी सूट म्हणजे सगळ्यांना '८०-सी' या नावानं माहीत असलेली दीड लाखाची वजावट. ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत नाही, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते. तुम्ही मुद्दाम जुनी निवडली नसेल, तर 'टॅक्स वाचवायला' म्हणून यातली कुठलीही योजना घेण्यात अर्थ उरत नाही. जुनी प्रणाली असली तरी दीड लाखाची मर्यादा सगळ्यांची मिळून आहे. पगारातून कापला जाणारा प्रॉव्हिडंट फंड, विम्याचे हप्ते, घरकर्जाचं मुद्दल यांतच ती भरली असेल, तर इथे भरलेल्या पैशावर वेगळी सूट मिळणार नाही.

व्याजाचं वेगळं आहे. सुकन्या आणि पीपीएफ या दोन्हींचं व्याज आणि शेवटची रक्कम दोन्ही करप्रणालींत करमुक्त आहे. एनएससीचं व्याज करपात्र आहे. जुन्या प्रणालीत पहिल्या चार वर्षांचं जमलेलं व्याज पुन्हा गुंतवलं असं मानून त्यावर ८०-सीची वजावट मागता येते, पाचव्या वर्षाच्या व्याजावर नाही. नव्या प्रणालीत ही सोयही नाही. एनएससीवर टीडीएस कापला जात नाही, म्हणून हे व्याज विवरणपत्रात दाखवायचं राहून जातं. दरवर्षी जमलेलं व्याज त्या वर्षीच दाखवत जा, म्हणजे शेवटच्या वर्षी पाच वर्षांचं व्याज एकदम अंगावर येत नाही.

आता तुलना करा. तुमचा करदर सेससकट २०.८ टक्के असेल तर एनएससीचे ७.७ टक्के हातात ६.१ होतात, आणि ३१.२ टक्के असेल तर ५.३. दोन्ही वेळा पीपीएफचे ७.१ सरस ठरतात. कर पावणेआठ टक्क्यांहून कमी बसत असेल, किंवा बसतच नसेल, तरच एनएससी पुढे जाते. फलकावरचा मोठा आकडा इथे उलटा पडतो.

पायरी ५: पैसे कसे वाटायचे

उदाहरणातले वर्षाला ६०,००० एप्रिल २०२६ पासून एप्रिल २०४० पर्यंत, म्हणजे पंधरा वेळा, एप्रिलच्या सुरुवातीला भरले आणि आजचेच दर राहिले असं धरू. खातं उघडताना भरलेले किरकोळ ५०० किंवा २५० रुपये हिशोबात घेतलेले नाहीत.

| वाटणी | जून २०४१ ला जास्तीत जास्त हाती | उरलेले, मार्च २०४७ ला |
|---|---|---|
| सगळे सुकन्यात | ८.९५ लाख | १४.३६ लाख |
| सगळे पीपीएफमध्ये | १६.२७ लाख | काही नाही |
| निम्मे-निम्मे | १२.६१ लाख | ७.१८ लाख |

सुकन्याचा दर १.१ टक्क्यानं जास्त आहे आणि पंधरा वर्षांत तिथली शिलकी पीपीएफपेक्षा साधारण १ लाख ६३ हजारांनी पुढे जाते. पण पदवीच्या वेळी त्यातली निम्मी रक्कम कुलपातच राहते. पदवीची फी मोठी असेल आणि तोच एकमेव खर्च डोळ्यांसमोर असेल, तर पीपीएफकडे झुकावं. पदवीनंतरचं शिक्षण किंवा लग्न हेही धरत असाल, तर सुकन्यातले उरलेले पैसे चोवीसाव्या वर्षी नेमके कामाला येतात. आमच्या मते तीन वर्षांच्या मुलीसाठी निम्मे-निम्मे हीच सगळ्यात कमी अडचणीची वाटणी.

मुलगी सहा ते नऊ वर्षांची असेल तर सुकन्या पदवीसाठी फार उपयोगाची नाही, ती पुढच्या खर्चासाठीच समजा. नवीन पीपीएफही वेळेत पिकणार नाही. इथे आईवडिलांचं जुनं पीपीएफ आणि एनएससी यांवरच भिस्त. मुलगी आठवीत गेली, म्हणजे प्रवेश पाच वर्षांवर आला, की नवी बचत एनएससीत टाकणं सोपं पडतं. मे २०३६ मध्ये घेतलेलं प्रमाणपत्र मे २०४१ मध्ये सुटतं. जूनमध्ये घेतलंत तर पहिल्या फीच्या मुदतीला ते अडकलेलं असू शकतं, तेव्हा महिनाभर आधीच घ्या.

पायरी ६: कागदपत्रं गोळा करून खातं उघडा

लागणारे कागद थोडेच आहेत:

- मुलीचा जन्म दाखला (सुकन्यासाठी अत्यावश्यक)
- पालकाचं आधार आणि पॅन, मूळ प्रत आणि झेरॉक्स
- पालकाचे पासपोर्ट आकाराचे फोटो
- पत्ता आधारपेक्षा वेगळा असेल तर त्याचा पुरावा
- खातं उघडण्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म १, आणि पैसे भरण्याची स्लिप

जन्म दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते घरीच बघा. दाखल्यावर नुसतं 'बेबी' किंवा नावाची जागा कोरी असेल तर आधी महापालिका किंवा ग्रामपंचायतीतून नाव लावून घ्या.

सुकन्या खातं आई किंवा वडील, किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. आजी-आजोबांना नातीसाठी पैसे द्यायचे असतील तर ते आईवडिलांनी उघडलेल्या खात्यात भरावेत. एका घरात दोन मुलींसाठी दोन खाती चालतात, जुळ्या-तिळ्यांना अपवाद आहे.

सुकन्यात वर्षाला किमान २५० आणि पीपीएफमध्ये ५०० रुपये लागतात. कमाल प्रत्येकी दीड लाख. मुलीच्या नावानं पीपीएफ उघडलं तर तुमचं आणि तिचं मिळून दीड लाखाचीच मर्यादा आहे. वर गेलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. सुकन्याची मर्यादा मात्र यापासून स्वतंत्र आहे. पासबुक हातात आल्यावर तिथल्या तिथे खातं उघडल्याची तारीख, पालकाचं नाव आणि वारसाची नोंद वाचा.

पायरी ७: ५ तारीख पाळा

दोन्ही खात्यांत त्या महिन्याचं व्याज ५ तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. ४ एप्रिलला भरलेल्या ६०,००० वर एप्रिलचं व्याज मिळतं, १० एप्रिलला भरले तर नाही. पीपीएफमध्ये हे वर्षाला ३५५ रुपये होतात. पंधरा वर्षं हीच चूक झाली तर शेवटी सुमारे ९,००० कमी हाती येतात. चेक दिला असेल तर तो वटल्याची तारीख धरतात, म्हणून ४ तारखेला दिलेला चेक उपयोगाचा नाही. दरमहा ५,००० भरणार असाल तर ऑटो-डेबिट पगाराच्या दुसऱ्या दिवशी, पण ५ च्या आत लावा. पोस्टातलं खातं असेल तर आयपीपीबीच्या, म्हणजे पोस्टाच्या पेमेंट्स बँकेच्या ॲपमधूनही भरता येतं. पैसे कापले गेल्याचा मेसेज आला तरी पासबुकात नोंद झाली का ते वर्षातून एकदा तरी काउंटरवर छापून बघा.

एखाद्या वर्षी किमान रक्कम भरायची राहिली तर घाबरू नका. चुकलेल्या प्रत्येक वर्षासाठी ५० रुपये दंड आणि त्या वर्षाची किमान रक्कम भरली की खातं पुन्हा सुरू होतं. पीपीएफ बंद पडलेलं असताना मात्र त्यातून कर्ज किंवा अंशतः रक्कम मिळत नाही, तेव्हा फीच्या आदल्या महिन्यात हे लक्षात येऊ देऊ नका.

पायरी ८: पीपीएफ पिकल्यावर सगळे एकदम काढू नका

१ एप्रिल २०४१ ला खातं पिकलं म्हणून सगळे पैसे बचत खात्यात आणण्याची गरज नाही. काहीच केलं नाही तर पीपीएफ नवीन पैसे न भरता पुढे चालू राहतं, शिलकीवर पीपीएफचंच करमुक्त व्याज मिळतं, आणि आर्थिक वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. चार वर्षांच्या पदवीला हे चपखल बसतं. जूनमध्ये त्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च मिळून एकदाच काढायचा, बाकी तिथेच ठेवायची. एकदाच काढता येतं, म्हणून दुसऱ्या सत्राची फीसुद्धा त्याच वेळी धरा.

पुढेही पैसे भरायचे असतील तर पाच वर्षांच्या मुदतवाढीचा फॉर्म खातं पिकल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. फॉर्म न देता भरलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. आणि फॉर्म दिला तर त्या पाच वर्षांत मिळून सुरुवातीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंतच काढता येतं. फीसाठीच्या खात्यात हा फॉर्म न देणंच बरं. सुकन्या खात्याला अशी मुदतवाढ नाही. मार्च २०४७ नंतर तिथे व्याज थांबतं, तेव्हा तो महिना आत्ताच पासबुकाच्या पहिल्या पानावर पेनानं लिहून ठेवा.